तक्ता न मांडता: सुधारित सिम्प्लेक्स पद्धती

सिम्प्लेक्स पद्धतीने गणित सोडवताना प्रत्येक पायरीवर एक मोठा तक्ता पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत नव्याने लिहावा लागतो. सुधारित सिम्प्लेक्स पद्धती त्याच पायऱ्या त्याच क्रमाने चढते आणि त्याच उत्तराला पोचते, पण तक्ता लिहीत नाही. मूळ आकडे ती जसेच्या तसे ठेवते, सोबत एक छोटा चौरस मॅट्रिक्स बाळगते आणि तक्त्यातला जो आकडा हवा असेल तेवढाच, हवा तेव्हा, काढून घेते. हे कसे जमते आणि त्यात श्रम नेमके कुठे वाचतात हे समजायला आधी मूळ पद्धतीकडे पाहावे लागते.

सिम्प्लेक्स पद्धती अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डॅन्झिग यांनी १९४७ साली मांडली. तेव्हा ते अमेरिकेच्या हवाई दलासाठी नियोजनाचे काम करत होते. ज्या प्रश्नांसाठी ही पद्धत आहे त्यांना लिनिअर प्रोग्रॅमिंगचे प्रश्न म्हणतात. अनेक गोष्टींपैकी कोणती किती करायची हे ठरवायचे असते, साधनांच्या मर्यादा पाळायच्या असतात आणि नफा जास्तीत जास्त किंवा खर्च कमीत कमी करायचा असतो. यातले सगळे संबंध सरळ पटीचे असतात, म्हणजे वस्तू दुप्पट केल्या तर साधनेही दुप्पट लागतात आणि नफाही दुप्पट होतो.

त्याच वर्षी या पद्धतीची पहिली मोठी परीक्षा झाली. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९४५ मध्ये एक प्रश्न मांडला होता. ७७ खाद्यपदार्थ आहेत आणि ९ पोषक घटकांची किमान गरज भागवायची आहे, तर वर्षभराचा सर्वांत स्वस्त आहार कोणता? स्टिगलर यांनी अंदाजाने आणि हुशारीने १९३९ च्या भावांनुसार ३९.९३ डॉलरचा आहार काढला होता. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये जॅक लेडरमन यांच्या देखरेखीखाली हाच प्रश्न सिम्प्लेक्सने सोडवला गेला. हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर नऊ कारकून बसले आणि एकूण १२० मनुष्यदिवस खर्ची पडले. उत्तर आले ३९.६९ डॉलर. स्टिगलर यांचा अंदाज किती जवळचा होता हे त्यातून दिसले. अवघ्या ९ मर्यादांच्या प्रश्नाला किती आकडेमोड लागते, हेही दिसले.

ही आकडेमोड कुठून येते ते एका लहान उदाहरणात पाहता येईल. एका सुतारकामाच्या कारखान्यात १२० घनफूट लाकूड आहे आणि कारागिरांचे २४० तास उपलब्ध आहेत. तिथे पाच वस्तू बनू शकतात. प्रत्येकीला लागणारे साधन आणि तिच्यावरचा नफा असा:

| वस्तू | लाकूड (घनफूट) | वेळ (तास) | नफा (रुपये) |
|---|---|---|---|
| स्टूल | १ | १ | २०० |
| खुर्ची | १ | ३ | ५०० |
| टेबल | ३ | २ | ७०० |
| बाक | २ | १ | ६०० |
| कपाट | ४ | ६ | १,४०० |

या पाच वस्तूंखेरीज आणखी दोन चल धरले जातात. एक म्हणजे न वापरलेले लाकूड आणि दुसरा न वापरलेले तास. त्यांना शिल्लक चल म्हणतात आणि त्यांच्यावर नफा शून्य असतो. असे एकूण सात चल झाले. मर्यादा मात्र दोनच आहेत, आणि सिम्प्लेक्सचा सगळा डोलारा या गोष्टीवर उभा आहे. मर्यादा दोन असतील तर सर्वोत्तम उत्तर असे सापडतेच की ज्यात जास्तीत जास्त दोन चल शून्याहून मोठे असतात आणि बाकीचे शून्य असतात. त्या दोन निवडलेल्या चलांच्या जोडीला बेसिस म्हणतात. सिम्प्लेक्स एका जोडीपासून सुरुवात करते, एक चल बाहेर काढते, एक आत घेते, आणि नफा वाढत राहील अशा रीतीने पुढच्या जोडीकडे जाते. मर्यादा हजार असतील तर जोडीच्या जागी हजारांचा संच येतो. अदलाबदल तरीही एका वेळी एकाचीच होते.

तक्त्याच्या पद्धतीत प्रत्येक बेसिससाठी सगळी समीकरणे नव्या रूपात लिहिली जातात. आत आलेल्या चलाच्या स्तंभात एक जागी १ आणि बाकी सगळीकडे ० यावेत म्हणून एका ओळीला भाग दिला जातो आणि तिच्या पटी उरलेल्या प्रत्येक ओळीतून वजा केल्या जातात. या क्रियेला पिव्हट म्हणतात. कारखान्याच्या तक्त्यात साधनांच्या दोन ओळी, नफ्याची एक ओळ, सात चलांचे स्तंभ आणि उत्तराचा एक स्तंभ मिळून २४ आकडे असतात. प्रत्येक पिव्हटला हे चोवीसच्या चोवीस आकडे बदलायला काढावे लागतात. ज्या टेबलाचा उत्तराशी शेवटपर्यंत काही संबंध येणार नाही, त्याचा स्तंभही दर वेळी नवा लिहावा लागतो.

आता पुढची पायरी ठरवायला या २४ आकड्यांपैकी खरोखर किती लागतात ते पाहू. आधी कोणता चल आत घ्यायचा हे ठरवायला नफ्याची ओळ पाहावी लागते. मग कोणता बाहेर काढायचा हे ठरवायला दोन स्तंभ लागतात: आत येणाऱ्या चलाचा आणि उत्तराचा. उरलेले स्तंभ त्या पायरीवर कोणी पाहतही नाही. ते नव्याने लिहिले जातात ते फक्त पुढच्या पायरीला त्यांच्यापैकी कोणाची तरी गरज लागेल म्हणून.

मग ते स्तंभ गरज लागेल तेव्हाच का काढू नयेत? तक्त्याच्या रचनेत याचे उत्तर दडलेले आहे. कोणत्याही पायरीवर तक्त्यातला कोणताही स्तंभ म्हणजे त्या चलाचा मूळ स्तंभ गुणिले एक ठरावीक मॅट्रिक्स. हा मॅट्रिक्स सगळ्या स्तंभांसाठी एकच असतो. बेसिसमध्ये असलेल्या चलांचे मूळ स्तंभ शेजारी शेजारी मांडून जो चौरस मॅट्रिक्स होतो, त्याचा हा व्यस्त मॅट्रिक्स. म्हणजे दहा पिव्हट झाल्यानंतर टेबलाचा स्तंभ कसा दिसेल हे जाणून घ्यायला मधले नऊ तक्ते लिहिण्याची गरज नाही. टेबलाचा मूळ स्तंभ आणि त्या क्षणीचा व्यस्त मॅट्रिक्स यांचा गुणाकार पुरतो. तक्ता हाताने सोडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हा मॅट्रिक्स असतोच: शिल्लक चलांचे जे स्तंभ सुरुवातीला १ आणि ० असे असतात, त्यांच्या जागी पुढे हाच व्यस्त मॅट्रिक्स उमटत जातो.

सुधारित पद्धत एवढी एकच गोष्ट जपते. कारखान्यासाठी तो २ बाय २ चा, म्हणजे चार आकड्यांचा मॅट्रिक्स आहे. त्याच्याबरोबर बेसिसमधल्या दोन चलांची सध्याची संख्या आणि दोन साधनांच्या छाया-किमती, एवढे पुरते. छाया-किंमत म्हणजे सध्याच्या बेसिसच्या हिशोबाने साधनाच्या एका एककाचे मोल. बेसिसमधल्या चलांचे नफे व्यस्त मॅट्रिक्सने गुणले की त्या मिळतात. एखादी वस्तू आत घेण्यात फायदा आहे का, हे पाहायला तिच्या मूळ स्तंभातले लाकूड आणि तास छाया-किमतींनी गुणून तिची ‘लागत’ काढायची आणि ती नफ्यातून वजा करायची. शिल्लक धन असेल तर वस्तू आत घेण्याजोगी ठरते.

सुरुवातीला काहीच बनत नाही. बेसिसमध्ये शिल्लक लाकूड १२० आणि शिल्लक तास २४० आहेत, व्यस्त मॅट्रिक्स हा एकक मॅट्रिक्स आहे आणि दोन्ही छाया-किमती शून्य आहेत. त्यामुळे प्रत्येक वस्तूचा निव्वळ फायदा तिच्या नफ्याइतकाच दिसतो. सर्वांत मोठा १,४०० रुपयांचा, म्हणून कपाट आत येते. लाकूड १२० भागिले ४ म्हणजे ३० कपाटांना पुरते, तास २४० भागिले ६ म्हणजे ४० कपाटांना. लाकूड आधी संपते, म्हणून शिल्लक लाकूड बेसिसमधून बाहेर पडते. आता ३० कपाटे बनतात, ६० तास उरतात आणि नफा ४२,००० रुपये होतो.

नवा व्यस्त मॅट्रिक्स असा आहे: पहिली ओळ १/४ आणि ०, दुसरी ओळ −३/२ आणि १. त्यावरून लाकडाची छाया-किंमत घनफुटाला ३५० रुपये आणि तासाची शून्य येते. तास उरलेले असताना त्यांना मोल नसणे स्वाभाविक आहे. या भावाने स्टुलाची लागत ३५० आणि नफा २००, म्हणजे तोटा. टेबलाची लागत १,०५० आणि नफा ७००, तोही तोटा. बाकाची लागत ७०० आणि नफा ६००, पुन्हा तोटा. खुर्चीची लागत मात्र ३५० आणि नफा ५००, म्हणून खुर्चीमागे १५० रुपये सुटतात.

आता, आणि आताच, एका स्तंभाची गरज पडते. खुर्चीचा मूळ स्तंभ १ आणि ३ आहे. तो व्यस्त मॅट्रिक्सने गुणला की १/४ आणि ३/२ मिळतात. याचा अर्थ असा की एक खुर्ची बनवली तर पाव कपाट कमी करावे लागते आणि शिल्लक तासांतले दीड तास जातात. कपाटे ३० असल्याने पहिली मर्यादा १२० खुर्च्यांची, तास ६० असल्याने दुसरी ४० खुर्च्यांची. ४० आधी येते, म्हणून शिल्लक तास बाहेर पडतात. आता ४० खुर्च्या आणि २० कपाटे बनतात आणि नफा ४८,००० रुपये होतो. स्टूल, टेबल आणि बाक यांचे स्तंभ या पायरीवर मोजावे लागले नाहीत.

व्यस्त मॅट्रिक्स नव्याने काढण्यासाठी सगळे पहिल्यापासून करायचे नसते. बेसिसचा एकच स्तंभ बदललेला असल्याने जुन्या व्यस्तावर एक छोटी क्रिया केली की नवा मिळतो. त्या क्रियेला लागते ते सगळे नुकत्याच काढलेल्या १/४ आणि ३/२ या दोन आकड्यांत आहे. दुसऱ्या ओळीला ३/२ ने भागायचे आणि तिची पावपट पहिल्या ओळीतून वजा करायची. नवी पहिली ओळ १/२ आणि −१/६, दुसरी −१ आणि २/३. तक्त्यातला पिव्हट तो हाच, पण २४ आकड्यांऐवजी चारांवर.

या मॅट्रिक्सवरून लाकडाची छाया-किंमत २०० आणि तासाची १०० रुपये येते. पुन्हा भाव लावले की स्टुलाची लागत ३००, टेबलाची ८००, दोन्ही नफ्याहून जास्त. बाकाची लागत मात्र आता ५०० झाली आणि नफा ६०० आहे. गेल्या पायरीवर नाकारलेला बाक आता १०० रुपयांनी फायद्याचा ठरला, कारण दरम्यान लाकूड स्वस्त आणि वेळ महाग झाला. बाकाचा स्तंभ इथे पहिल्यांदा काढावा लागतो: ५/६ आणि −४/३. एका बाकामागे ५/६ कपाट कमी होते, पण खुर्च्या ४/३ ने वाढतात. त्यामुळे मर्यादा फक्त कपाटांची: २० भागिले ५/६ म्हणजे २४ बाक. कपाट बाहेर पडते, खुर्च्या ४० वरून ७२ होतात आणि नफा ५०,४०० रुपये होतो.

शेवटच्या फेरीत छाया-किमती लाकडासाठी २६० आणि तासासाठी ८० रुपये येतात. स्टुलाची लागत ३४०, टेबलाची ९४०, कपाटाची १,५२०. तिन्ही आपापल्या नफ्याहून जास्त आहेत, म्हणून यापुढे सुधारणा शक्य नाही. ताळाही सोपा आहे: ७२ खुर्च्या आणि २४ बाकांना १२० घनफूट लाकूड आणि २४० तास बरोबर लागतात, आणि १२० गुणिले २६० अधिक २४० गुणिले ८० हेही ५०,४०० च होतात. स्टूल आणि टेबल यांचे स्तंभ संपूर्ण गणितात एकदाही बदलले गेले नाहीत. त्यांची फक्त लागत तपासली गेली, तीही मूळ आकड्यांवरून.

आता हिशोब प्रामाणिकपणे करायला हवा, कारण पाठ्यपुस्तकांत इथे बरेचदा घाई होते. समजा १,००० मर्यादा आणि शिल्लक चल धरून १०,००० चल आहेत. तक्त्याच्या पद्धतीत बेसिसबाहेरचे ९,००० स्तंभ गुणिले १,००० ओळी, म्हणजे एका पिव्हटला सुमारे ९० लाख गुणाकार. सुधारित पद्धतीत छाया-किमतींवरून ९,००० चलांची लागत काढायची, आणि प्रत्येक स्तंभात हजार आकडे असतील तर तेच ९० लाख गुणाकार झाले. शिवाय आत येणाऱ्या स्तंभासाठी १० लाख आणि व्यस्त मॅट्रिक्स बदलायला आणखी १० लाख. म्हणजे सगळे आकडे शून्येतर असतील आणि दर वेळी सगळ्या चलांची तपासणी केली, तर सुधारित पद्धतीत काम कमी होत नाही, उलट थोडे वाढते. कारखान्यासारख्या छोट्या गणितातही हाताने तक्ता मांडणे कदाचित जास्त सोयीचे ठरेल.

पण खरे प्रश्न तसे नसतात. हजार मर्यादांच्या प्रश्नात एखादी वस्तू हजारही साधने वापरत नाही. चार-पाच वापरते आणि तिच्या स्तंभातले उरलेले आकडे शून्य असतात. सुधारित पद्धतीत मूळ स्तंभांना हात लागत नाही, म्हणून ही शून्ये शेवटपर्यंत टिकतात. स्तंभात ५ शून्येतर आकडे धरले तर ९,००० चलांची लागत काढायला ४५,००० गुणाकार पुरतात. आत येणाऱ्या स्तंभासाठी ५,००० लागतात. व्यस्त मॅट्रिक्स बदलण्याचे १० लाख धरूनही एकूण बेरीज साडेदहा लाखांच्या आसपास राहते, म्हणजे तक्त्याच्या नवव्या हिश्शाहून थोडी जास्त.

तक्त्यालाही या शून्यांचा फायदा घेता येईल असे वाटेल, आणि पहिल्या काही पायऱ्यांवर तो येतोही. पण प्रत्येक पिव्हटमध्ये एका ओळीच्या पटी इतर ओळींमध्ये मिसळल्या जातात. ज्या जागी शून्य होते तिथे दुसरी ओळ आपला आकडा आणून टाकते. काही फेऱ्यांतच विरळ तक्ता गच्च भरतो आणि मूळच्या ५०,००० आकड्यांच्या जागी एक कोटीच्या घरातले आकडे साठवावे लागतात. तक्त्याचे खरे दुखणे हेच आहे. जुन्या यंत्रांत तर आकडे ठेवायला जागा नसणे ही गुणाकारांच्या संख्येहून मोठी अडचण होती.

दुसरी बचत तपासणीची आहे. तक्त्यात नफ्याची ओळ आपोआप पूर्ण तयार होते. सुधारित पद्धतीत मात्र एखाद्या चलाची लागत काढायची की नाही हे आपल्या हातात असते. फायद्याचा कोणताही चल आत घेतला तरी नफा वाढतो. तो सर्वाधिक फायद्याचाच असावा अशी सक्ती नाही. म्हणून १०,००० चलांचे गट पाडून एका फेरीत एकाच गटाची तपासणी करता येते, त्यात चांगला उमेदवार मिळाला तर पुढे जाता येते, आणि सगळ्या गटांत कोणीच मिळाले नाही तेव्हाच थांबता येते. फेऱ्या थोड्या वाढतात, पण प्रत्येक फेरी बरीच हलकी होते.

या पद्धतीचे संगणकावरचे रूप कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये घडले. डॅन्झिग १९५२ मध्ये तिथे आले आणि विल्यम ऑर्चर्ड-हेज यांनी ही पद्धत यंत्रावर चालवण्याचे काम अंगावर घेतले. सुरुवातीचे यंत्र आयबीएमचे पंच केलेल्या कार्डांवर चालणारे होते आणि त्याची स्मृती अगदी तोकडी होती. १९५४ मध्ये दोघांनी मिळून व्यस्त मॅट्रिक्सच्या गुणाकार-रूपावर लेख प्रसिद्ध केला. त्यातली कल्पना अशी की व्यस्त मॅट्रिक्स लिहूनच ठेवायचा नाही. प्रत्येक पायरीवर तो बदलणारी जी छोटी क्रिया असते, ती एकाच स्तंभात मावते. कारखान्यात पहिल्या पायरीची क्रिया १/४ आणि −३/२ या स्तंभात आहे, दुसरीची −१/६ आणि २/३ मध्ये, तिसरीची ६/५ आणि ८/५ मध्ये. हे स्तंभ एकामागोमाग एक नोंदवत जायचे. एखादा मूळ स्तंभ तक्त्यातल्या रूपात हवा असेल तर त्याच्यावर या क्रिया पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने लावायच्या. छाया-किमती हव्या असतील तर शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत उलट लावायच्या. कार्डांच्या गठ्ठ्याला आणि पुढे चुंबकीय टेपला ही रीत अगदी सोयीची होती, कारण त्या साधनांवर आकडे क्रमानेच वाचता येत. विरळ प्रश्नांत हे स्तंभही बरेचसे विरळ राहतात.

या नोंदी मात्र प्रत्येक पायरीला एकाने वाढतात. पाचशे पायऱ्या झाल्या की पाचशे क्रिया लावल्याशिवाय एक स्तंभही मिळत नाही, आणि बचत हळूहळू खाल्ली जाते. याशिवाय गोलाईच्या चुकांचा प्रश्न आहे. संगणक २/३ हा अपूर्णांक पूर्ण लिहू शकत नाही. पंधरा-सोळा अंकांनंतर तो तोडतो. अशा तुटीवर पुढची तूट चढत जाते, आणि एखाद्या पायरीवर ०.००००१ सारख्या क्षुद्र आकड्याने भागावे लागले तर आधीची लहानशी चूक लाखपट होते. तक्त्याच्या पद्धतीत हे फार वाईट ठरते, कारण तिथे प्रत्येक तक्ता आधीच्या तक्त्यावरून बनतो आणि मूळ आकडे पहिल्याच पिव्हटला पुसले जातात. चूक झाली हे ओळखायलाही साधन उरत नाही.

सुधारित पद्धतीत मूळ आकडे हाताशी असल्याने तपासणी सोपी आहे. बेसिसमधल्या चलांच्या संख्या मूळ मर्यादांत घालून पाहायच्या. ७२ खुर्च्या आणि २४ बाकांचे लाकूड १२० च यायला हवे, ते ११९.९८ आले तर नोंदी बिघडल्या आहेत. अशा वेळी, किंवा ठरावीक पायऱ्यांनंतर, साधारणपणे पन्नास ते शंभर, सगळ्या नोंदी टाकून दिल्या जातात. त्या क्षणी बेसिसमध्ये जे चल आहेत त्यांचे मूळ स्तंभ घेऊन व्यस्त नव्याने उभा केला जातो. आधीच्या सगळ्या पायऱ्यांत साचलेली चूक तिथे संपते, आणि नोंदींची लांबीही पुन्हा कमी होते. भागाकारासाठी फार लहान आकडा येत असेल तर त्याऐवजी दुसरा चल निवडण्याची मोकळीकही चांगल्या आज्ञावलीत ठेवलेली असते.

व्यस्त नव्याने उभा करताना कोणत्या क्रमाने स्तंभ आणि ओळी घ्याव्यात, म्हणजे नवी शून्येतर संख्या कमीत कमी निर्माण होईल, हा प्रश्न हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५७ मध्ये हाताळला. शेअर गुंतवणुकीच्या सिद्धांतासाठी पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे मार्कोविट्झ ते हेच. त्यांचा नियम साधा आहे: ज्या ओळीत आणि ज्या स्तंभात सर्वांत कमी शून्येतर आकडे आहेत, तिथला आकडा आधी घ्या. त्यातून बेसिसचे दोन त्रिकोणी मॅट्रिक्समध्ये विभाजन करण्याची रीत पुढे आली. त्रिकोणी मॅट्रिक्सचे समीकरण एका टोकाकडून सोडवत जाता येते, म्हणून व्यस्त कधीच लिहावा लागत नाही. एक स्तंभ बदलला की हे विभाजन स्वस्तात कसे दुरुस्त करावे, याच्या पद्धती १९६९ मध्ये बार्टेल्स आणि गोलब यांनी आणि १९७२ मध्ये फॉरेस्ट आणि टॉमलिन यांनी दिल्या. आधीच्या हिशोबात व्यस्त बदलण्याचे जे १० लाख गुणाकार उरले होते, ते यामुळे विरळ प्रश्नांत खूपच खाली आले.

या पद्धतीने काय होत नाही, तेही स्पष्ट असायला हवे. तोच नियम वापरून चल निवडले तर तक्ता आणि सुधारित पद्धत यांच्या पायऱ्या एकसारख्याच असतात. एखाद्या प्रश्नाला सिम्प्लेक्स फार लांबचा रस्ता घेत असेल, किंवा नफा न वाढता त्याच त्याच बेसिसभोवती फिरत असेल, तर सुधारित रूपही तेच करते. ते पायऱ्या कमी करत नाही, प्रत्येक पायरीचे काम कमी करते.

याच वृत्तीतून एक गोष्ट निघाली, जी तक्त्याच्या पद्धतीत अशक्यच होती. कागद कारखान्यात रुंद रोल कापून वेगवेगळ्या रुंदीच्या गिऱ्हाइकी मागण्या पुऱ्या करायच्या असतात, आणि कागद कमीत कमी वाया जायला हवा असतो. कापण्याचा प्रत्येक नमुना हा एक चल. २०० इंची रोल आणि ४० वेगवेगळ्या मापांची मागणी असेल तर नमुन्यांची संख्या एक कोटी, कधी दहा कोटींच्याही पुढे जाते. इतके स्तंभ लिहूनच होणार नाहीत, मग तक्ता मांडणे दूरच. मर्यादा मात्र ४० च आहेत. १९६१ मध्ये पॉल गिलमोर आणि राल्फ गोमोरी यांनी दाखवले की सगळे स्तंभ लिहिण्याची गरजच नाही. सुधारित पद्धतीत ४० छाया-किमती मिळाल्या की एवढाच प्रश्न उरतो: या किमतींनी कोणत्या नमुन्याचे मोल सर्वांत जास्त भरते? हा एक वेगळा, छोटा प्रश्न आहे: २०० इंचांच्या रुंदीत कोणती मापे बसवली तर एकूण किंमत जास्तीत जास्त होईल. तो सोडवला की सर्वोत्तम नमुना आयता हाती येतो. त्याचे मोल एका रोलच्या खर्चाहून जास्त असेल तर तो स्तंभ म्हणून आत घ्यायचा आणि पुढची फेरी करायची. तो आत घेण्याजोगा नसेल, तर न लिहिलेल्या कोट्यवधी नमुन्यांपैकी एकही घेण्याजोगा नाही हे त्याच उत्तराने सिद्ध होते.